किंमतीच्या मॉडेलसोबत साहेबांना काय लिहून द्यायचं?

नवीन मंडळी वर्कबुक पाठवताना मेलमध्ये बहुतेक वेळा 'सोबत मॉडेल जोडलं आहे' एवढंच लिहितात, नाहीतर गृहीतकांची दोन पानी यादी. मॅनेजरला दोन्हींचा उपयोग नसतो. यादीतली बरीचशी गृहीतकं चुकली तरी निर्णय बदलत नाही. जे चुकलं की निर्णय उलटतो, ते आधी लिहायचं.

एक साधं उदाहरण घेऊ. आजची किंमत 100 धरली, नगामागे खर्च 60. जुन्या विक्रीवरून लवचिकता 2 निघाली, म्हणजे किंमत 1 टक्का वाढली की खप साधारण 2 टक्के घटतो. B2 मध्ये खर्च, B4 मध्ये लवचिकता ठेवली की सगळ्यात जास्त नफा देणारी किंमत अशी निघते:

```
=B2*B4/(B4-1)
```

उत्तर येतं 120. दिसायला छान. आता B4 मध्ये 2.5 टाका, उत्तर 100. म्हणजे किंमतीला हातच लावू नका. 3 टाका, उत्तर 90. एका सेलमुळे 'वाढवा'चं 'कमी करा' झालं! (B4 मध्ये 1 टाकलं तर थेट `#DIV/0!` येतं.)

मग हा 2 आला कुठून, ते विचारायला हवं. मागे आपण किंमत वाढवली तेव्हा कच्चा माल महागला होता आणि स्पर्धकांनीही वाढवली होती, त्यामुळे गिऱ्हाईक फारसं तुटलं नाही. या वेळी एकट्यानेच वाढवली तर खरा आकडा 2 पेक्षा मोठा असू शकतो. शिवाय त्या काळात किंमत 92 ते 108 यांच्यातच फिरली. 120 ला काय होईल ते आकड्यांनी कधी पाहिलेलंच नाही, ते नुसतं सूत्र बोलतंय.

मी असं लिहीन:

"मॅडम, मॉडेल 120 सुचवतं, पण माझी शिफारस 108 च्या पुढे न जाण्याची आहे, त्यापलीकडचा विक्रीचा अनुभव आपल्याकडे नाही. लवचिकता 2 असेल तर आज जिथे 40 नफा होतो तिथे 108 ला 41.2 होईल आणि 120 ला 41.7, म्हणजे बराचसा फायदा 108 लाच हाती येतो. लवचिकता 3 निघाली तर 108 ला नफा 38.1 वर येईल. 2 हा आकडा स्पर्धकांनीही किंमत वाढवली त्या काळातला आहे. या वेळी ते वाढवणार आहेत का, हे विक्री विभागाकडून कळलं तर बरं. साठा संपलेले महिने वगळले आहेत. मोठ्या ग्राहकांची खास सवलत मॉडेलमध्ये धरलेली नाही."

पहिल्याच वाक्यात मॉडेलचं उत्तर आणि स्वतःची शिफारस वेगळी ठेवली आहे, ते मुद्दाम. 'मॉडेलला मर्यादा आहेत' असलं मोघम वाक्य लिहून कुणाचंच भलं होत नाही.

हाच मजकूर वर्कबुकच्या पहिल्या शीटवरही चिकटवा आणि B4 ला रंग द्या. फाइल पुढे जाते तेव्हा मेल मागेच राहतो, आणि 120 तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहतो.