गेटवरून बेल येतच नाही? फोनच्या सेटिंगमधल्या या चुका टाळा

रिडेव्हलपमेंटमध्ये चाळ किंवा जुनी तीन मजली इमारत जाऊन टॉवर उभा राहिला, की इंटरकॉमची जागा बहुतेक वेळा गेटचं अ‍ॅप घेतं. कुरिअरवाला आला की वॉचमन त्याच्या फोनवर फ्लॅट नंबर दाबतो, तुमच्या फोनवर बेल वाजते आणि तुम्ही ‘येऊ द्या’ म्हणता. बेल वाजलीच नाही तर वॉचमन त्याला परत पाठवतो. मग ग्रुपवर वॉचमनच्या नावाने शिमगा सुरू होतो. पण बऱ्याचदा त्या बिचाऱ्याने बेल दिलेली असते. अडवलेली असते ती आपल्याच फोनने, बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली.

गेटच्या अ‍ॅपच्या वाट्यालाच हे जास्त का येतं? कारण ते आपण कधी उघडत नाही. अँड्रॉइड ९ (२०१८) पासून फोन प्रत्येक अ‍ॅपला वापरानुसार एका गटात टाकतो. रोजचं अ‍ॅप वरच्या गटात, क्वचित उघडलं जाणारं तळाला. तळाच्या अ‍ॅपला पार्श्वभूमीत काम करायला फारच कमी मुभा मिळते. नोटिफिकेशन आलं आणि तुम्ही ते दाबलं की अ‍ॅप वर चढतं. ते आलंच नाही तर दाबणार काय? मग अ‍ॅप आणखी खाली घसरतं. शिवाय बऱ्याच कंपन्या अँड्रॉइडच्या या व्यवस्थेवर स्वतःची वेगळी राखण बसवतात, आणि ती जास्त कडक असते.

कांदिवलीच्या आमच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंचा सिलिंडर असाच खालच्या खाली परत गेला. फोन मध्यम किमतीचा, दोन-तीन वर्षं जुना. नेट व्यवस्थित, नोटिफिकेशनची परवानगी दिलेली. अ‍ॅप उघडलं की आतल्या यादीत ‘गॅस डिलिव्हरी, उत्तर मिळालं नाही’ अशी नोंदही दिसत होती. म्हणजे वॉचमनने बेल दिली होती आणि सर्व्हरपर्यंत ती पोचलीही होती. अडलं होतं शेवटच्या टप्प्यावर.

काकूंच्या भाच्याने अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं होतं. दिवसभर बेल छान वाजली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सामसूम. त्याने पुन्हा तेच केलं, पुन्हा तसंच झालं. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. फसवीही, कारण तात्पुरता फरक खरंच पडतो. नवं टाकलेलं अ‍ॅप आपण लगेच उघडतो, लॉगिन करतो, त्यामुळे ते ताज्या वापरातलं ठरतं. पण अ‍ॅप काढलं की त्याला पूर्वी दिलेल्या सवलतीही जातात: बॅटरीची सूट, ऑटोस्टार्ट म्हणजे आपणहून सुरू होण्याची परवानगी, सगळंच. दर वेळी पाटी कोरी. दुखणं मात्र जागच्या जागी.

मला खटकलं ते हे, की बेल दर वेळी रात्रीनंतरच बंद पडत होती. म्हणून विचारलं, “काकू, झोपताना फोनचं काय करता?”

“काही नाही रे. ते उघडं राहिलेलं सगळं पुसून टाकते आणि चार्जिंगला लावते. नाहीतर गरम होतो म्हणे.”

तिथेच उलगडा झाला. अलीकडे वापरलेल्या अ‍ॅपची यादी उघडून Clear all दाबायचं, ही सवय लाखमोलाची असल्यासारखी घरोघरी शिकवली जाते. मूळ अँड्रॉइडमध्ये असं पुसल्याने फारसं बिघडत नाही. अ‍ॅप यादीतून जातं, पण त्याचं नोटिफिकेशन येत राहतं. काही कंपन्यांच्या फोनवर मात्र या पुसण्याचा अर्थ Force stop असा होतो. सक्तीने थांबवलेलं अ‍ॅप तुम्ही स्वतः उघडेपर्यंत जागं होत नाही. सर्व्हरने कितीही हाका मारल्या तरी नाही. हा अँड्रॉइडचाच नियम आहे, अ‍ॅपमधला दोष नव्हे. आणि बॅटरीचं म्हणाल, तर पुसलेलं अ‍ॅप पुन्हा शून्यापासून सुरू करायला उलट जास्तच खर्च येतो. बूस्टर आणि क्लीनर नावाची अ‍ॅपं हेच दिवसभर करत असतात. ती फोनमध्ये असतील तर आधी त्यांना निरोप द्या.

आता दुरुस्ती. इथे लोक दुसरी चूक करतात: इकडून तिकडून पाच सेटिंग एकदम बदलतात आणि फोन हातात धरून लगेच तपासतात. स्क्रीन चालू असताना बेल बहुधा येतेच. तेव्हा फोन फारसं अडवत नाही. अँड्रॉइड ६ (२०१५) पासून डोझ नावाची सोय आहे. चार्जर काढलेला, स्क्रीन बंद आणि फोन एका जागी पडून असला की काही वेळाने फोन गाढ झोपतो आणि अधूनमधूनच डोळे उघडतो. म्हणून चाचणीही तशीच घ्यायची. चार्जर काढा, स्क्रीन बंद करा, फोन तासभर टेबलावर पडू द्या, त्याला हात लावू नका. मग वॉचमनला बेल द्यायला सांगा. चार्जिंगला असताना डोझ लागत नाही, त्यामुळे ‘चार्जरवर येतं, एरवी नाही’ असं दिसलं तर बॅटरीच्या सेटिंगवरच संशय घ्यावा.

काकूंच्या फोनवर आधी एकच बदल केला. Settings, मग Apps, गेटचं अ‍ॅप, त्यात Battery, आणि तिथे Optimised ऐवजी Unrestricted. यादी मुद्दाम पुसली आणि फोन तासभर ठेवला. बेल आली नाही. बरेच जण इथेच हात टेकतात, कारण गुगलचं सेटिंग बदललं म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं. पण कंपनीची राखण वेगळी असते. Unrestricted केल्याने तिचं कुलूप उघडत नाही.

मग Autostart चालू केलं. शाओमीच्या फोनमध्ये याच नावाची यादी असते. ओप्पो आणि रिअलमीमध्ये Auto launch असं काहीसं दिसेल. मॉडेलनुसार जागा बदलते, म्हणून सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत थेट auto टाइप करणं सोपं. पुन्हा यादी पुसली, पुन्हा तासभर फोन टेबलावर. या वेळी बेल वाजली. शिवाय अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत गेटच्या अ‍ॅपवर बोट दाबून धरलं आणि छोट्या कुलपाच्या खुणेने ते लॉक केलं. आता काकूंनी सवयीने सगळं पुसलं तरी ते एक जागेवर राहतं. सवय काही एका दिवसात सुटत नाही.

सॅमसंगवाल्यांसाठी खुणेची जागा वेगळी. Battery मध्ये Background usage limits उघडा आणि Deep sleeping apps ची यादी बघा. तिथे गेलेलं अ‍ॅप तुम्ही उघडाल तेव्हाच काम करतं, एरवी नाही. क्वचित वापरलं जाणारं अ‍ॅप फोन आपणहून तिकडे पाठवतो. त्याला तिथून काढून कधीही न झोपणाऱ्या अ‍ॅपच्या यादीत टाका. त्या यादीच्या नावात Never हा शब्द दिसेल.

तिसरी जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते. अँड्रॉइड १२ पासून, महिनोन्‌महिने न उघडलेल्या अ‍ॅपची परवानगी काढून घेऊन फोन त्याला थंड करून ठेवतो. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर खाली Pause app activity if unused किंवा Manage app if unused असं बटण असतं. गेटच्या अ‍ॅपसाठी ते बंद करा. मुलांच्या शाळेचं अ‍ॅप, वर्षातून दोनदा लागणारं हॉस्पिटलचं अ‍ॅप यांच्यासाठीही.

विरारहून किंवा कर्जतहून लोकलने येणाऱ्यांचा आणखी एक प्रकार असतो. संध्याकाळपर्यंत चार्ज पुरावा म्हणून सकाळी घरातूनच बॅटरी सेव्हर चालू करून निघायचं. तो चालू असेपर्यंत पार्श्वभूमीतली कामं आखडतात. डेटा सेव्हर वेगळा. तो वायफाय नसताना अ‍ॅपचं पार्श्वभूमीतलं नेटच तोडतो. घरी वायफायवर सगळं नीट आणि बाहेर पडलं की गप्प, असं असेल तर आधी डेटा सेव्हर तपासा. एसएमएस आणि साधे फोन या सगळ्या भानगडीतून जात नाहीत, म्हणून ‘मेसेज तर येतायत की’ हा नेट किंवा अ‍ॅप ठीक असल्याचा पुरावा नाही.

हे कळल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि दिसेल त्या अ‍ॅपला Unrestricted करतात. मग खरेदीची, खेळांची, बातम्यांची अ‍ॅपं दिवसभर जागी राहतात आणि दुपारीच फोन मान टाकतो. ज्याची बेल चुकली तर खरंच नुकसान होतं अशी चार-पाच अ‍ॅपं निवडा आणि थांबा.

एक मर्यादाही सांगायला हवी. अ‍ॅप बनवणारा प्रत्येक संदेशाला तातडीचा किंवा साधा असा दर्जा देतो. तातडीचा संदेश डोझमधल्या फोनलाही उठवतो. साधा संदेश फोन पुढच्या वेळी जागा होईपर्यंत थांबू शकतो. त्यामुळे गेटची बेल झटकन आली आणि मेंटेनन्सची आठवण दोन तास उशिरा आली, तर फोन बिघडलेला नाही. उलट झालं, म्हणजे बाकी सगळं तपासूनही बेलच उशिरा येत राहिली, तर दुरुस्ती अ‍ॅपवाल्यांकडेच होऊ शकते. कमिटीमार्फत त्यांना तक्रार पाठवताना फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि बेल दिल्याची नेमकी वेळ लिहा. ‘नोटिफिकेशन येत नाही’ एवढ्याच वाक्यावर त्यांना काही शोधता येत नाही.

अ‍ॅप कोणत्या गटात पडलंय हे डोळ्यांनी बघायचं असेल तर About phone मध्ये Build number वर सात वेळा टॅप करून Developer options उघडा. बहुतेक फोनवर तिथे Standby apps नावाची यादी असते. नेहमीच्या वापरातल्या अ‍ॅपपुढे ACTIVE किंवा WORKING_SET, तळाला गेलेल्यापुढे RARE किंवा RESTRICTED, आणि बॅटरीची सूट दिलेल्यापुढे EXEMPTED असं दिसतं. काकूंच्या फोनवर सुरुवातीला गेटचं अ‍ॅप RARE होतं, Unrestricted केल्यावर EXEMPTED झालं. तरीही पहिली चाचणी फसलीच होती, कारण कंपनीची राखण या यादीत दिसत नाही. बघून झालं की Developer options बंद करायला विसरू नका. ते चालू दिसलं की काही बँकांची अ‍ॅपं उघडायलाच नकार देतात.