आरोपाचं वाक्य फिरवताना या चुका टाळा: मध्यस्थी प्रशिक्षणातला रीफ्रेमिंगचा रोल-प्ले

मध्यस्थीच्या प्रशिक्षणात रीफ्रेमिंगचा सराव साधारण चौघांच्या गटात होतो. दोघं पक्षकार, एक मध्यस्थ आणि एक निरीक्षक. पक्षकाराने रागाने आरोप करायचा. मध्यस्थाने त्यातला डंख काढून, पण मुद्दा शाबूत ठेवून तो परत मांडायचा. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांत बहुतेक गट अडकतात, आणि का अडकलो हे त्यांना कळत नाही, कारण मध्यस्थाचं वाक्य कागदावर चांगलंच दिसत असतं.

म्हणून निरीक्षकाला आधीच सांगून ठेवा की वाक्याला गुण द्यायचे नाहीत. पक्षकार काय बोलला, मध्यस्थ काय बोलला आणि त्यानंतर दोन्ही पक्षकारांच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघालं, एवढं शब्दशः टिपायचं. चूक कुठे झाली ते त्या पुढच्या वाक्यात सापडतं.

एक प्रसंग घेऊ. दोन भागीदार आहेत. एक प्रत्यक्ष काम सांभाळतो, दुसऱ्याकडे पैशांचे व्यवहार आहेत. पहिला म्हणतो, “हा चोर आहे. दीड वर्ष झालं, एकदाही हिशेब दाखवला नाही. मी राबायचं आणि याने मजा मारायची!” दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या दिलेल्या असतात. पहिल्याच्या चिठ्ठीत लिहिलंय: कर्जाच्या कागदांवर तुझीही सही आहे, धंदा बुडाला तर काय होईल या विचाराने झोप लागत नाही. दुसऱ्याच्या चिठ्ठीत: पैसे खाल्लेले नाहीत, पण वह्यांचा पार गोंधळ झालाय आणि तो दाखवायची लाज वाटते.

मिळमिळीत वाक्य

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. मध्यस्थ म्हणतो, “म्हणजे तुमच्या दोघांत संवाद थोडा कमी पडतोय.” पहिला भागीदार लगेच उसळतो, “संवाद कसला? चोर आहे तो, चोर!” तोच आरोप वरच्या पट्टीत परत आला, की समजावं डंखाबरोबर मुद्दाही काढून टाकला गेलाय. इथे पैसा होता, दीड वर्ष होतं, कष्ट होते. “संवाद” या शब्दात यातलं काहीच उरलं नाही.

यावर उपाय म्हणजे आरोपातल्या ठोस गोष्टी ठेवायच्या आणि माणसावर मारलेला शिक्का तेवढा गाळायचा. चिडलेल्या माणसाला आपला विषय आपल्या वजनानिशी परत ऐकू यायला हवा.

याच चुकीचं एक भावंड आहे: घाई. राग ओळखल्याचं एक वाक्यही न बोलता थेट नव्या मांडणीवर उडी मारली, तर चांगली मांडणीही थंड वाटते. “दीड वर्ष हे मनात ठेवून काम करत आलात, संताप होणारच,” एवढं म्हणून थांबावं. समोरचा अजून उकळत असेल तर आणखी थांबावं. फक्त राग ओळखताना समोरच्याने काय केलं त्याची यादी वाचायची नाही. तसं झालं की पुढची चूक घडते.

आरोपावर शिक्कामोर्तब

“यांनी हिशेब लपवला याचा तुम्हाला राग आलाय.” सहानुभूतीने बोललेलं वाक्य आहे, पहिला भागीदार मानही डोलावतो. पण दुसऱ्याचं पुढचं वाक्य बघा: “मी काही लपवलेलं नाही!” त्याच्या कानाने मध्यस्थाने निकाल देऊन टाकला. पहिल्याच्या होकारावर खूश होणारे प्रशिक्षणार्थी इथे फसतात, कारण त्यांचं लक्ष एकाच खुर्चीकडे असतं.

काहीजण यावर “तुमच्या मते” अशी शेपटी लावतात: “तुमच्या मते यांनी हिशेब लपवला.” आता दुसरा शांत बसतो, पण पहिल्याला वाटतं, माझ्यावर विश्वास नाही. मला यापेक्षा वेगळी वाट बरी वाटते. काय घडलं याबद्दल बोलूच नये, काय हवंय याबद्दल बोलावं. घडलेल्यावर वाद होऊ शकतो. एखाद्याला काय हवंय, यावर समोरच्याला वाद घालता येत नाही.

तोडगा आत घुसवणे

“तुम्हाला दर महिन्याच्या 5 तारखेला हिशेब हवाय.” हे गरजेचं वाक्य वाटतं, पण तारीख पक्षकाराने सांगितलेली नाही, मध्यस्थाने स्वतःच्या खिशातून काढली. लगेच दुसरा म्हणतो, “5 तारीख जमणार नाही,” आणि घासाघीस सुरू होते. बोलणं पुढे सरकल्याचा भास होतो, म्हणून ही चूक पकडायला अवघड. पण लाज आणि कर्जाची भीती दोन्ही अजून चिठ्ठीतच पडून आहेत.

तिन्ही चुका टाळून वाक्य असं होऊ शकतं: “तुम्ही या धंद्यात कष्ट घालताय, तर त्यात पैसा कुठून येतो, कुठे जातो हे तुम्हाला स्पष्ट दिसायला हवं. आणि हे बरेच दिवस राहून गेलंय असं तुम्हाला वाटतंय. मी नीट समजलो का, की काही सुटलं?”

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. नुसतं “बरोबर ना?” विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. “काही सुटलं का?” विचारलं की दुरुस्ती करायला जागा मिळते. प्रसंग चांगला वठला तर पहिला भागीदार म्हणतो, “हो, आणि कर्जावर माझीही सही आहे हो!” चिठ्ठीतली गोष्ट बाहेर आली. आणि “हिशेब दिसायला हवा” याला दुसऱ्यानेही नाही म्हटलं नाही. वह्यांचा गोंधळ मात्र तो सगळ्यांसमोर बहुधा सांगणार नाही, त्यासाठी स्वतंत्र बैठक ठेवावी.

पक्षकारांचा नटपणा आणि दया

कधीकधी मध्यस्थाचं सगळं बरोबर असतं, पण सराव फसतो तो पक्षकारांमुळे. कोणी रंगात येऊन काही केल्या शांत होत नाही. उलट सहकाऱ्याची दया येऊन कोणी पहिल्याच वाक्याला “हो हो, बरोबर” म्हणून मोकळा होतो. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण मिळमिळीत वाक्यही चाललं असं मध्यस्थाला वाटून जातं.

त्यासाठी एक साधी सोय करावी. पक्षकाराने हात टेबलावर ठेवून राग बोटांनी दाखवायचा, एक ते पाच. मध्यस्थाचं वाक्य संपलं की बोटं खरोखर वाटेल तशी कमी-जास्त करायची. बोटं वाढली की प्रशिक्षकाने तिथेच खेळ थांबवून, आरोप पुन्हा म्हणायला लावून तेवढंच वाक्य नव्याने करून घ्यावं. अख्खा प्रसंग परत सुरू करू नये. नंतरच्या चर्चेत आधी आरोप झालेल्या पक्षकाराला बोलू द्यावं, मग आरोप करणाऱ्याला, मग मध्यस्थाला, शेवटी निरीक्षकाला. आरोप झालेला माणूस बहुतेकदा शेवटी उरतो, आणि सगळ्यात उपयोगी माहिती त्याच्याकडेच असते.

फिरवू नये असं वाक्य

समजा पहिला भागीदार म्हणाला, “याने माझी खोटी सही केली.” किंवा दुसऱ्या एखाद्या प्रसंगात कोणी म्हणालं, “हा मला मारतो.” हे सौम्य करून “विश्वासाचा प्रश्न” किंवा “घरातला ताण” असं मांडणं म्हणजे तक्रार झाकून टाकणं. असं वाक्य आलं की संयुक्त बैठक थांबवायची, त्या पक्षकाराशी स्वतंत्र बोलायचं आणि सुरक्षितता आणि मध्यस्थी पुढे चालवणं योग्य आहे का, हे आधी तपासायचं. गटातल्या एखाद्या चिठ्ठीत असा आरोप न सांगता घालून ठेवावा. बाकी वाक्यं सराईतपणे फिरवणारा प्रशिक्षणार्थी इथे थांबतो की नाही, हे त्याशिवाय कळत नाही.