निळी पट्टी म्हणजे लिओनार्दोच, असं नसतं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात मी शॉट लॉगिंगच्या कामाला लागलो, तेव्हा घरी हे काम समजावून सांगणं अवघड होतं. आई शेजारच्या काकूंना सांगायची, "तो दिवसभर कार्टून बघतो, आणि त्याचे पैसे मिळतात." तसं खोटंही नव्हतं. मुलांच्या मालिकांचे जुने एपिसोड यायचे आणि आम्ही प्रत्येक शॉटचा टाइमकोड, म्हणजे एपिसोडमधली त्याची नेमकी वेळ, आणि त्यात कोण दिसतंय त्याचं नाव शीटमध्ये भरायचो. पुढे त्याच शीटवरून कोणी प्रोमो कापायचं, कोणी पोस्टरसाठी फ्रेम शोधायचं. नाव चुकलं की चूक थेट पोस्टरवर जायची.

मिकी, टॉम, छोटा भीम यांची ओळख पटवायला कोणाला नोकरीवर ठेवावं लागत नाही. कस लागतो तो एकाच साच्यातून काढलेल्या पात्रांपाशी, म्हणजे भाऊ, जुळे, तिळे. शरीर तेच, चेहरा तोच, फरक फक्त रंगाचा आणि हातातल्या वस्तूचा. नव्याने या कामात येणाऱ्यांना मी निन्जा टर्टल्सपासून सुरुवात करायला सांगतो, कारण या चार कासवांनी मला पहिल्याच महिन्यात तोंडघशी पाडलं.

लहानपणी पाठ झालेला हिशेब सोपा होता. डोळ्यांवरची पट्टी निळी तो लिओनार्दो, लाल तो राफाएल, जांभळी तो डोनाटेलो आणि नारिंगी तो मायकेलअँजेलो. मी 1987च्या मालिकेचा पहिला एपिसोड याच हिशेबाने भराभर भरला आणि वेळेआधी संपवला म्हणून खूशही झालो. दुसऱ्या दिवशी क्यूसीमधून, म्हणजे भरलेल्या शीट तपासणाऱ्यांकडून, शीट परत आली, बावीस ओळी पिवळ्या करून.

आमच्या टीम लीड बाईंना सगळे ताई म्हणायचे. त्यांनी खुर्ची ओढली आणि एक शॉट थांबवला. रात्र, इमारतीची गच्ची, तीन कासवं पाठमोरी.

"हा कोण?"

"लिओनार्दो. पट्टी निळी आहे ना, ताई."

"अरे, या फ्रेममध्ये निळं नाही असं काय आहे ते दाखव बघू."

खरंच सगळं निळं होतं. रात्रीच्या दृश्यासाठी पात्रांचे रंग मुद्दाम बदलून रंगवतात किंवा सगळ्या चित्रावर निळी झाक चढवतात. त्यात जांभळी पट्टी निळी दिसते, म्हणजे डोनाटेलो आपोआप लिओनार्दो होतो. संध्याकाळच्या किंवा आगीच्या दृश्यात हाच घोळ लाल आणि नारिंगीचा होतो. अशा वेळी पट्टीचा रंग एकटा बघायचा नाही. ज्याचा खरा रंग आपल्याला पक्का ठाऊक आहे अशी वस्तू त्याच फ्रेममध्ये शोधायची. कासवांच्या बाबतीत ती म्हणजे हिरवी कातडी. ती किती निळसर झालीय ते बघितलं की पट्टी मुळात कुठून सरकून इथे आली असेल याचा अंदाज येतो. पण हा अंदाजच. मी त्यावर नाव लिहीत नाही, फक्त शक्यता दोनवर आणतो.

नाव ठरवलं ते पाठीने. ताईंनी मला रंग विसरून फक्त पाठी बघायला लावल्या. डावीकडच्याच्या पाठीवर दोन तलवारींच्या मुठी वर आलेल्या होत्या. लिओनार्दोकडे दोन कताना असतात, म्हणजे तो पक्का. मधल्याच्या पाठीवर एक लांब काठी तिरपी होती. काठी डोनाटेलोची. मी त्यालाच लिओनार्दो लिहून बसलो होतो. उजवीकडच्याच्या पाठीवर काहीच नव्हतं. राफाएलचे साय नावाचे तीन टोकांचे खंजीर आणि मायकेलअँजेलोचे साखळीने जोडलेल्या दांडक्यांचे नानचाकू दोन्ही कमरेच्या पट्ट्याला असतात, आणि याचे हात पुढे असल्यामुळे कंबर झाकली गेली होती. त्या मालिकेत पट्ट्याच्या बक्कलवर नावाचं पहिलं अक्षरही असतं, पण बक्कल पोटावर आणि गडी पाठमोरा.

मग आधीचे शॉट. दोन शॉट मागे चौघं शिडी चढून येताना समोरून दिसत होते आणि उजव्या टोकाला साय खोचलेला राफाएल होता. पण मधल्या शॉटमध्ये ते जागेवरून हलले होते, म्हणून तेवढ्यावर भागलं नाही. पुढच्या शॉटमध्ये तो वळला, बक्कलवरचा आर दिसला, आणि तेव्हा कुठे ओळ पूर्ण झाली. ताईंनी लिहायला लावलेली ओळ मी अजून नवीन मुलांना दाखवतो:

```
00:07:42:10 | LEO, DON, RAPH | back view, night; RAPH from next shot
```

शेवटच्या रकान्यात आपण कशावरून ठरवलं ते लिहिलेलं असतं. ते लिहायचा कंटाळा सगळ्यांना येतो, मलाही यायचा. पण क्यूसीवाल्याला शंका आली तर तो सगळा एपिसोड पुन्हा बघत बसत नाही, थेट पुढच्या शॉटवर जातो.

त्या बावीस ओळींत आणखी एक प्रकार होता, तो मात्र माझ्या चुकीचा नव्हता. 1987च्या मालिकेत रंगवणाऱ्यांच्याच चुका बऱ्याच आहेत. मधेच एखाद्या शॉटपुरती पट्टी भलत्याच रंगाची होते, बक्कलवर दुसऱ्याचं अक्षर येतं, एकाचा संवाद दुसऱ्याच्या तोंडी हलतो. ही चूक ओळखायची खूण अशी, की एकच गोष्ट बिघडलेली असते आणि तीही एकाच शॉटपुरती. हातात नानचाकू, आधीच्या आणि नंतरच्या शॉटमध्ये नारिंगी पट्टी, आणि मधे दोन सेकंद लाल पट्टी असेल, तर तो मायकेलअँजेलोच आहे आणि रिमार्कमध्ये रंगाची चूक म्हणून नोंदवायचं. हा शॉट पोस्टरला घेऊ नका, एवढं पुढच्या माणसाला कळलं पाहिजे.

यावरून कोणी म्हणेल की रंग सोडा, शस्त्र धरा. मीही काही दिवस तसंच करत होतो. पण त्याच मालिकेच्या पुढच्या काही सीझनमध्ये मायकेलअँजेलोच्या हातातून नानचाकू जाऊन दोरीचा आकडा आला, कारण मुलांच्या कार्यक्रमात नानचाकू दाखवण्यावर ब्रिटनमध्ये हरकत होती. 2018ची मालिका तर आणखी वेगळी. तिच्या सुरुवातीच्या भागांत राफाएलकडे साय नाहीतच, टोन्फा नावाचे आडव्या मुठीचे दांडके आहेत, आणि लिओनार्दोकडे एकच मोठी तलवार. तिथे दोन कताना शोधत बसलात तर लिओनार्दो सापडणारच नाही. पट्ट्यांचे रंग मात्र ओळखीचे आहेत. उलट 1984च्या मूळ कॉमिकमध्ये आतली पानं काळी-पांढरी आणि मुखपृष्ठावर चौघांच्याही पट्ट्या लाल. तिथे रंगाने एकही नाव सांगता येत नाही, शस्त्रच बघावं लागतं. म्हणून आता माझा पहिला प्रश्न "हा कोण" नसतो, "हे कुठल्या सालचं" असतो. एपिसोड उघडायच्या आधी त्या मालिकेतल्या चौघांची समोरून, बाजूने आणि पाठीमागून एकेक फ्रेम काढून ठेवायची. अर्धा तास जातो, पण पुढचे तीन दिवस सुखाचे जातात.

आमच्याकडे सगळ्यात कमी चुका कोणाच्या व्हायच्या? लाल आणि नारिंगीतला फरक न दिसणाऱ्या एका सहकाऱ्याच्या. त्याला रंगांधत्व होतं आणि त्याने ते आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. 2012च्या मालिकेवर त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं, कारण तिथे चौघांची शरीरंही वेगळी आहेत. डोनाटेलो सगळ्यात उंच आणि त्याच्या दातांत फट, मायकेलअँजेलोच्या गालांवर ठिपके, राफाएलच्या पोटाकडच्या कवचाला वर एक टवका उडालेला. आम्ही रंगावर विसंबून पुढे पळायचो, तो टवका शोधायचा. डब्यातली भाजी वाटून घेताना आम्ही त्याच्याकडून या खुणा काढून घ्यायचो.

डकटेल्सच्या तिळ्यांनी एवढा त्रास दिला नाही. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनसमोर बसलेल्यांना ती पोरं आठवतील. 1987च्या त्या मालिकेपासून ह्यूई लाल, ड्यूई निळा आणि लुई हिरवा हे पक्कं झालं. त्याआधीच्या, मामा डोनाल्ड डकबरोबरच्या जुन्या छोट्या फिल्म्समध्ये त्यांच्या टोप्यांचे रंग कधी कसे, कधी कसे. तिथे लाल टोपी दिसली म्हणून ह्यूई लिहायचं नाही. संवादात नाव घेतलं असेल तरच लिहायचं, नाहीतर "भाचा 1, 2, 3" असं लिहून सोडायचं. ते लिहिताना सुरुवातीला हात अडखळतो, आपल्याला काम येत नाही असं वाटतं. पण कोरी सोडलेली जागा नंतर भरता येते, खोटं नाव मात्र कोणी पुन्हा तपासायला जात नाही.

आता नव्या मुलांची चाचणी मीच घेतो. त्यात डोरेमॉन असतोच, कारण तो आपल्याला पाठ आहे असं प्रत्येकाला वाटतं. एक फ्रेम देतो: पिवळं, गोल, मांजरासारखं रोबो. दहातले आठ जण डोरामी लिहितात. डोरेमॉन निळा आणि त्याची बहीण पिवळी, हे तर सगळ्यांना माहीत. पण फ्रेममधल्या रोबोला दोन टोकदार कान आहेत आणि शेपटीला गोळा आहे. डोरामीच्या डोक्यावर कान नसतात, कानांसारखा दिसतो तो तिचा लाल बो, आणि तिच्या शेपटीला फूल असतं. फ्रेममधला डोरेमॉनच आहे, उंदराने कान कुरतडायच्या आणि तो निळा व्हायच्या आधीचा.

परवा कळव्याहून आलेल्या एका मुलीने त्या फ्रेमपुढे लिहिलं, "डोरामी नाही, बो नाही. डोरेमॉन असावा, पण आधीचा शॉट बघायला मिळेल का?" मी तिला सोमवारपासून यायला सांगितलं.