क्रोशाच्या चार्टचा नुसता फोटो हातात आहे, पहिला टाका कुठे घालायचा?

मोबाइलवर आलेला गोल रुमालाचा चार्ट पहिल्यांदा पाहिला की रांगोळीसारखा दिसतो, आणि रांगोळीसारखाच तो मधून बाहेर वाढत जातो. आख्खा चार्ट आधी समजून घ्यायच्या फंदात पडू नका. सुरुवातीला तीनच गोष्टी सापडायला हव्यात: मध्य, पहिली फेरी जिथून उठते ती जागा, आणि ती जिथे बंद होते ती जागा. पाचवी-सहावी फेरी आज कळली नाही तरी काही बिघडत नाही.

त्याआधी एक खात्री करून घ्या. फोटोत नुसत्या चौकोनी चौकटी दिसत असतील, तर तो बहुधा दोन सुयांच्या विणकामाचा चार्ट असतो किंवा भरलेल्या-रिकाम्या चौकटींच्या क्रोशाचा. ते दोन्ही खालून वर वाचतात; दोन सुयांचं असेल तर बहुतेक वेळा उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातून. इथे आपण गोल क्रोशाचा चार्ट धरू, कारण सगळ्यात जास्त अडतं ते त्यातच.

फोटो मोठा करून फक्त मधला भाग पाहा. पुस्तकाच्या घडीत मध्य गेला असेल किंवा काळे ठिपके आणि लंबगोल वेगळे ओळखू येत नसतील, तर दुसरा फोटो मागवा. अंदाजाने सुरू केलेलं तिसऱ्या फेरीला उसवावंच लागतं. खुणांची यादी वेगळ्या पानावर असेल तर तिचाही फोटो मागा. चार्टवरचे आकडे उलटे दिसत असतील तर फोटो आरशासारखा फिरलेला आहे, तो सरळ करून घ्या. उजव्या हाताने विणणाऱ्याची फेरी घड्याळाच्या उलट दिशेने पुढे सरकते. डावखुऱ्यांनी मात्र फोटो मुद्दाम उलटा करून वापरला तर त्यांचं काम सोपं होतं.

बहुतेक चार्टमध्ये लंबगोल म्हणजे साखळी. लहान काळा ठिपका म्हणजे स्लिप स्टिच, फेरी जोडायची ती. × किंवा + म्हणजे सिंगल क्रोशे. इंग्रजी टी-सारखी उभी रेघ आणि तिला एक तिरकी काडी, म्हणजे आपला नेहमीचा, एका वेढ्याचा खांब. तिरक्या काड्या दोन असतील तर दोन वेढ्यांचा. शब्दांत लिहिलेल्या कृतीत अमेरिकेतला डबल आणि ब्रिटनमधला ट्रेबल हा एकच खांब असतो आणि त्यात माणूस हमखास गोंधळतो. चार्टमध्ये हा घोळ नाही. म्हणूनच जपानी मासिकातलं पान अक्षर न वाचताही विणता येतं.

आता मध्य. तिथे लंबगोलांचं कडं असेल तर ते मोजा: आठ असतील तर ८ साखळ्या घालून स्लिप स्टिचने जोडायच्या. नुसतं वर्तुळ असेल आणि आत 8 असा आकडा असेल तरी बहुधा तेच. जपानी चार्टमध्ये मधोमध わ ही खूण दिसली तर दोऱ्याचा फास करून त्यात टाके घालायचे आणि मग शेपूट ओढून भोक बंद करायचं.

कड्याला लागून कुठेतरी एका खांबाच्या जागी तीन लंबगोल एकावर एक उभे दिसतील, शेजारी बऱ्याचदा 1 लिहिलेलं असतं. पहिली फेरी तिथून सुरू होते. त्या ३ साखळ्या म्हणजेच फेरीतला पहिला खांब, आणि हे विसरल्यामुळेच नवशिक्यांची मोजणी चुकते. फेरी पूर्ण फिरून आली की तिसऱ्या साखळीच्या डोक्याशी काळा ठिपका असतो. तिथे ती बंद होते.

एक साधा चार्ट घेऊन विणून पाहू. सरावाला बारीक दोरा नको. फिक्या रंगाची मध्यम जाडीची लोकर आणि साडेतीन किंवा चार मिलिमीटरची सुई घ्या. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत.

८ साखळ्या घाला, पीळ पडू न देता पहिल्या साखळीत स्लिप स्टिच करून कडं जोडा. मग ३ साखळ्या घाला. आता सुईवर एक वेढा घेऊन सुई कड्याच्या भोकातून घाला, साखळीच्या टाक्यातून नव्हे. दोरा ओढून बाहेर काढा, सुईवर तीन फास होतील. वेढा घेऊन दोनांतून काढा, परत वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून. हा खांब झाला. असे १५ खांब घाला. सुरुवातीच्या ३ साखळ्या धरून १६ व्हायला हवेत. जोडण्याआधीच मोजा, आणि मग तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर एक खांब आणि मध्ये एक लंबगोल दिसतो. सुरुवातीला मात्र चार लंबगोल असतात: तीन खांबाचे, एक मधल्या साखळीचा. म्हणून ४ साखळ्या घाला आणि पुढच्या खांबाच्या डोक्यात एक खांब, एक साखळी, असं शेवटपर्यंत करत या. जोडताना खालून मोजत तिसऱ्या साखळीत जोडायचं. चौथीत जोडलं तर पहिली फट नाहीशी होते आणि १६ ऐवजी १५ फटी भरतात.

तिसऱ्या फेरीत एक नवी गोष्ट येते, खांबाचा पाय कुठे टेकतो ती. पाय खालच्या खांबाच्या डोक्यावर असेल तर सुई टाक्यात घालायची. पाय लंबगोलाच्या वर तरंगत असेल तर साखळीखालच्या मोकळ्या फटीत. आपल्या चार्टमध्ये प्रत्येक फटीत २ खांब आणि मग १ साखळी आहे. पण फेरी बंद करताना आपण उभे असतो खांबावर, आणि काम आहे फटीत. म्हणून चार्टमध्ये तिथे एक जादा काळा ठिपका असतो: स्लिप स्टिच करत फटीत सरकायचं, मग ३ साखळ्या, त्याच फटीत एक खांब, एक साखळी. पुढच्या १५ फटींत २ खांब, १ साखळी. शेवटी पुन्हा तिसऱ्या साखळीत जोडा. एकूण ३२ खांब.

विणकाम टेबलावर ठेवून पाहा. कडा वाटीसारख्या वर उचलल्या तर टाके कमी पडलेत किंवा हात घट्ट आहे; कडेला झालर पडली तर टाके जास्त झालेत. आकडे बरोबर असूनही वाटी होत असेल तर सुई अर्धा मिलिमीटर मोठी घ्या.

पुढच्या फेऱ्यांत चार्ट बऱ्याचदा पूर्ण गोल काढलेलाच नसतो, फक्त एक पाकळी दिलेली असते आणि ती किती वेळा विणायची तेही लिहिलेलं नसतं. तेव्हा पहिल्या फेरीतले एकूण खांब मोजा आणि त्यांतले किती त्या एका पाकळीखाली येतात ते पाहा. १६ पैकी २ येत असतील तर पाकळ्या आठ. झालेली फेरी फोटोवर रंगीत रेघेने खोडत गेलात, की पुढच्या वेळी काम हातात घेताना कुठे थांबलो होतो ते शोधावं लागत नाही.