लूप आणि नोडच्या समीकरणांत प्रवाहाची दिशा व चिन्हे

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या विद्युत अभियांत्रिकीच्या पेपरची तयारी करणाऱ्यांनी प्रवाहाची खरी दिशा ओळखण्यात वेळ घालवू नये. सर्व लूप-प्रवाह घड्याळाच्या दिशेने मानावेत आणि काढलेला बाण शेवटपर्यंत बदलू नये.

समजा डाव्या लूपमध्ये १० व्होल्टची बॅटरी व २ ओहम, उजव्या लूपमध्ये २० व्होल्टची बॅटरी व २ ओहम आणि मधल्या सामाईक शाखेत ४ ओहमचा रोध आहे, तसेच दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके वर आहेत. सामाईक रोधातून दोन्ही लूप-प्रवाह एकमेकांविरुद्ध वाहत असल्याने तेथील विभवपात डाव्या लूपसाठी 4(I1 − I2), तर उजव्यासाठी 4(I2 − I1) होतो. गुण बहुधा इथेच जातात.

6I1 − 4I2 = 10
−4I1 + 6I2 = −20

यावरून I1 = −1 आणि I2 = −4 अँपिअर येते. उणे चिन्ह ही चूक नव्हे. प्रवाह मानलेल्या दिशेच्या उलट आहे, म्हणजे १० व्होल्टची बॅटरी येथे चार्ज होत आहे. मात्र उणे उत्तर पाहून बाण उलटवणारा विद्यार्थी पुढे I1 − I2 मध्ये तेच चिन्ह पुन्हा बदलतो. खरा मधला प्रवाह −1 − (−4) = 3 अँपिअर, वरून खाली वाहणारा.

पडताळ्यासाठी तळाचा नोड शून्य मानून वरच्या नोडमधून सर्व प्रवाह बाहेर जातात असे धरावे:

(V − 10)/2 + (V − 20)/2 + V/4 = 0

V = 12 व्होल्ट येते आणि ४ ओहममधून तेच 3 अँपिअर मिळतात.