ब्रॉडकास्ट पाठवला, पण ऑर्डर आली नाही? व्हॉट्सॲपवरच्या या चुका टाळा

घरगुती व्यवसायात पहिली ऑर्डर ओळखीतून येते. दुसरी, तिसरी, चौथी यावी म्हणून आपण ब्रॉडकास्ट लिस्ट करतो, त्यातल्या सगळ्यांना एकदम एकच मेसेज टाकतो आणि वाट बघत बसतो. दोन-चार उत्तरं येतात, बाकी शांतता. मग माल महाग वाटतोय का, फोटो चांगले नाहीत का, असे विचार सुरू होतात. माझ्या मते माल आणि फोटोंकडे वळण्याआधी एक साधी गोष्ट तपासावी: मेसेज समोरच्यापर्यंत पोचला तरी का?

ब्रॉडकास्टचा नियम असा की ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच तो मेसेज जातो. तुम्ही त्यांचा नंबर सेव्ह केलाय, त्यांच्याशी तुमचं चॅट आहे, त्यांनी पूर्वी माल घेतलाय, यातल्या कशाचाही इथे उपयोग नाही. शिवाय मेसेज गेला नाही तर व्हॉट्सॲप तुम्हाला तसं सांगतही नाही. तुमच्या स्क्रीनवर तो छान गेलेला दिसतो.

घरी साबण बनवणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. त्यांच्या लिस्टमध्ये १४० ग्राहक आहेत. मेसेज टाकल्यावर दोन दिवसांनी त्यांनी तो मेसेज दाबून धरला आणि Info उघडलं. तिथे Read by आणि Delivered to अशा दोन याद्या दिसतात. दोन्ही मिळून ८३ नावं भरली. उरलेल्या ५७ जणांपर्यंत मेसेज पोचलाच नव्हता. दोन दिवस थांबायचं कारण एवढंच की कुणाचा फोन बंद असतो, कुणाचं नेट संपलेलं असतं. लगेच बघितलं तर आकडा फसवतो.

आता या ५७ जणांनी नंबर सेव्ह केलेला नाही की दुसरंच काही आहे? त्यातल्या दहा जणांना ताईंनी वेगवेगळा, साधा, एकेकट्याचा मेसेज केला. आठ जणांना दोन टिक आल्या, दोघांना एकच राहिली. एकेकटा मेसेज पोचतो आणि ब्रॉडकास्ट पोचत नाही, म्हणजे त्या आठ जणांकडे नंबर सेव्ह नाही. ज्यांना एकेकटा मेसेजही एका टिकवर अडकला, त्यांचा नंबर बदललाय, फोन बंद आहे किंवा त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय. त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

निळ्या टिकांवरून मात्र काही ठरवू नका. पुष्कळ जण वाचल्याची खूण बंद ठेवतात. मेसेज वाचतात, पण नाव Delivered to मध्येच राहतं.

एवढ्या लोकांकडे नंबर सेव्ह का नव्हता, तर ताईंनी सुरुवात स्वतःच्या घरच्या नंबरवरून केली होती. धंदा वाढल्यावर वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं आणि सगळे ग्राहक नव्या फोनमध्ये भरले. त्यांच्या बाजूने काम पूर्ण झालं. ग्राहकांकडे मात्र अजून जुनाच नंबर होता.

यावर बहुतेक जण जो उपाय करतात, तीच पुढची चूक आहे. ‘कृपया आमचा नवा नंबर सेव्ह करा’ असा मेसेज ब्रॉडकास्टनेच पाठवतात. तो पोचतो कुणाला? ज्यांनी आधीच सेव्ह केलाय त्यांना! ही विनंती एकेकट्या चॅटमध्येच करावी लागते, आणि त्यासाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे ऑर्डर हातात पडल्यावरचा दिवस. ‘साबण मिळाला ना?’ असं विचारा आणि सोबत तुमचं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा. अटॅचच्या खुणेतून कॉन्टॅक्ट निवडला की ते जातं आणि समोरच्याला आकडे टाइप न करता नंबर सेव्ह करता येतो. कार्डावर फक्त स्वतःचं नाव ठेवू नका. सहा महिन्यांनी ग्राहक फोनमध्ये ‘साबण’ असंच शोधणार आहे, म्हणून ‘साबण’ हा शब्द त्या नावात असू द्या.

सेव्ह करायला कारणही द्या. ‘नव्या वासाचे साबण आले की कळवेन, नंबर सेव्ह असेल तरच तो मेसेज येतो’ एवढं खरं सांगितलं तरी ज्याला रस आहे तो सेव्ह करतो. ज्याला नाही तो करत नाही, आणि तेही बरंच आहे.

सगळ्यांना एकाच दिवशी एकच मेसेज

मेसेज पोचायला लागले की हात सैल सुटतो. दर आठवड्याला सगळ्या यादीला ‘नवीन स्टॉक आला आहे’. ज्याने परवाच चार वड्या घेतल्या त्यालाही, आणि ज्याची शेवटची वडी सोप-डिशमध्ये पातळ झालीय त्यालाही. पहिला वैतागतो. दुसऱ्याला मात्र आठवड्यापूर्वी आलेला मेसेज आज आठवत नाही.

परत ऑर्डर यायची असेल तर माल कधी संपेल हे धरून मेसेज गेला पाहिजे. एका माणसाला एक वडी साधारण महिनाभर पुरते असं ताईंच्या ग्राहकांकडून कळलं होतं. मग एकट्या माणसाने जूनच्या सुरुवातीला दोन वड्या घेतल्या तर त्या जुलैअखेर संपतील. दोघांच्या घरात त्याच दोन वड्या जूनअखेरच संपतील. त्यामुळे ऑर्डर घेतानाच ‘घरात किती जण वापरणार?’ हा प्रश्न विचारून ठेवायचा.

हे लक्षात ठेवायला बिझनेस ॲपमधली लेबलं कामाला येतात. बहुतेक जण ‘नवीन ग्राहक’, ‘पैसे बाकी’ एवढ्यावरच थांबतात. ताईंनी महिन्यांची बारा लेबलं केली, आणि ती माल घेतल्याच्या महिन्याची नाहीत, माल संपण्याच्या महिन्याची. लेबलं २० पर्यंतच करता येतात, त्यामुळे बारा वापरूनही पैसे आणि डिलिव्हरीसाठी थोडी उरतात. वरच्या एकट्या ग्राहकाच्या चॅटला ‘जुलै’ लागलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते लेबल उघडायचं आणि त्यातल्या लोकांची ब्रॉडकास्ट लिस्ट करायची. ऑर्डर आली की ‘जुलै’ काढून पुढचा महिना लावायचा. हे काढणं-लावणं ऑर्डर घेतानाच उरकलं नाही तर दोन महिन्यांत सगळा गोंधळ होतो. दर महिन्याला लिस्ट नव्याने करा, जुनी परत वापरू नका. एका लिस्टमध्ये २५६ लोकच बसतात. महिन्याला त्याहून जास्त ग्राहक असतील तर दोन लिस्ट करा आणि दोन वेगळ्या दिवशी पाठवा, म्हणजे उत्तरं द्यायलाही उसंत मिळते.

आता मजकूर. ब्रॉडकास्ट समोरच्याला आपल्या दोघांच्या चॅटमध्येच दिसतो, ग्रुपसारखा नाही. तरी लोक ‘सर्व ग्राहकांना नमस्कार’ लिहून सुरुवात करतात आणि आपणहून सांगून टाकतात की हा मेसेज शंभर जणांना गेलाय. प्रत्येकाचं नाव आपोआप घालायची सोय इथे नाही, पण एकाच माणसाशी बोलतोय असं लिहिता येतं:

‘नमस्कार, तुमचा साबण आता संपत आला असेल. शुक्रवारी नवीन वड्या तयार होत आहेत. तुमच्यासाठी बाजूला ठेवू का? २ की ४ एवढं कळवलंत तरी चालेल.’

‘२’ असं टाइप करायला कुणाला कंटाळा येत नाही. त्याऐवजी दहा साबणांची दरांसह यादी पाठवली तर माणूस ‘रात्री निवांत बघतो’ म्हणतो, आणि ती रात्र काही येत नाही. पाहायचंच असेल त्याच्यासाठी मेसेजच्या शेवटी कॅटलॉगमधल्या, म्हणजे बिझनेस ॲपवर मांडलेल्या तुमच्या वस्तूंमधल्या, एकाच वस्तूची लिंक द्या.

कॅटलॉग सजवला, पण सांभाळला नाही

त्या लिंकवर टिचकी मारल्यावर काय दिसतं, हे दुसऱ्याच्या फोनवरून एकदा तरी बघा. नवीन वस्तू टाकली की व्हॉट्सॲप आधी ती तपासतं आणि मंजूर झाल्यावरच ती ग्राहकांना दिसते. सकाळी वस्तू टाकून लगेच ब्रॉडकास्ट केला तर तुमच्या फोनवर सगळं ठीक दिसतं आणि ग्राहकाला काहीच मिळत नाही. एक-दोन दिवस आधी टाका. वस्तूवर लाल खूण आली तर ती नाकारली गेली असं समजा. साबणवाल्यांनी वर्णनात ‘अमुक त्वचारोग बरा होतो’ असले औषधी दावे लिहूच नयेत. व्हॉट्सॲपच्या विक्री-नियमांत औषधं आणि उपचाराच्या वस्तू बसत नाहीत. घटक, वजन आणि वास लिहिला की पुरे.

माल संपला की वस्तू डिलीट करायची आणि आला की परत टाकायची, ही सवयही मोडा. डिलीट केलं की जुन्या चॅटमध्ये पाठवलेली लिंक कामाची राहत नाही, आणि परत ऑर्डर देणारा ग्राहक नेमका त्या जुन्या मेसेजवरच बोट ठेवतो. त्यापेक्षा वस्तू तात्पुरती लपवा. त्यासाठी Hide item आहे. शिल्लक मोजणं हे कॅटलॉगचं काम नाही. शेवटची वडी विकली गेली तरी तो ‘आहे’च म्हणत राहणार, त्यामुळे लपवायचं काम आपलंच.

वस्तूंची नावं ग्राहकाच्या तोंडची ठेवा. ‘प्रीमियम कलेक्शन ०३’ कुणालाही आठवत नाही, ‘लव्हेंडर साबण, मोठी वडी’ आठवतं. ५०० वस्तू टाकता येतात म्हणून प्रत्येक प्रयोग टाकायची गरज नाही. जे पुन्हा पुन्हा मागितलं जातं ते एका कलेक्शनमध्ये सगळ्यात वर असू द्या.

कार्टबद्दल एक गैरसमज हमखास होतो. ग्राहकाने कार्ट पाठवली म्हणजे त्याच्या दृष्टीने ऑर्डर झाली. तुमच्या दृष्टीने अजून पोचवण्याचा खर्च सांगायचाय, पैसे यायचेत, माल आहे का ते बघायचंय. दोघंही एकमेकांची वाट बघतात आणि तीन दिवसांनी ग्राहक विचारतो, ‘पाठवलंत ना?’ यासाठी एक क्विक रिप्लाय, म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं उत्तर, बनवून ठेवा: ऑर्डर मिळाली, एकूण रक्कम एवढी, पैसे आले की अमुक दिवशी निघेल. कार्ट दिसली की / टाइप करून तो निवडायचा, आकडे भरायचे आणि पाठवायचा.

राहिला ‘आता मेसेज नको’ म्हणणारा ग्राहक. त्याला नुसतं ‘ओके’ म्हणून सोडू नका. त्याच क्षणी लिस्टमधून नाव काढा आणि लेबलही काढा, नाहीतर पुढच्या महिन्याची लिस्ट करताना तो पुन्हा आत येतो. दुसऱ्यांदा मेसेज गेला की तो बोलत बसत नाही, ब्लॉक आणि रिपोर्ट करतो. असे रिपोर्ट साठत गेले तर अकाउंटवर बंदी येऊ शकते. एका फटक्यात हजारोंना मेसेज पाठवून देणारी बाहेरची ॲप्स वापरली तरी तीच गत होते. मग नवा नंबर घ्यायचा आणि पुन्हा प्रत्येकाला तो सेव्ह करायला सांगत बसायचं.