दुकानातली तूट: चोर शोधण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या मोजणीत माल कमी भरला की पहिलं नाव कामावरच्या पोराचं निघतं. बिलाची चूक आणि नासाडी ह्यांचा विचार कोणी करत नाही, कारण तिथे बोट स्वतःकडे वळतं. चोरी, नासाडी आणि बिलातली चूक, तिन्हींचा माग वेगळा असतो. तो रुपयांच्या एका मोठ्या आकड्यात कधीच दिसत नाही, जिनसेच्या नगात किंवा किलोत दिसतो.

हिशेब सोपा आहे. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा बिलावरची विक्री, वजा लिहिलेली नासाडी आणि परत गेलेला माल. एवढा माल दुकानात असायला हवा. मोजलेला माल त्यापेक्षा जेवढा कमी, तेवढी तूट. मोजणी दुकान उघडं असताना करू नका. गिऱ्हाईक मधून दोन पुडे नेतं आणि सगळी मोजणी वाया जाते.

सगळ्यात महागडी चूक: तूट न फोडता आरोप करणं

अमळनेरकडचं एक किराणा दुकान डोळ्यापुढे आणा. महिन्याला साखरेची पन्नास किलोची दहा पोती येतात. आधीची 40 किलो शिल्लक, आलेली 500 किलो, बिलावर विकलेली 478. म्हणजे 62 किलो असायला हवी, भरते 45. सतरा किलो साखर गेली कुठे? शेठ चिडलेले, पोरगा घाबरलेला.

आता फोडून बघू. नवीन आलेली पोती काट्यावर टाकली, बारदानाचं वजन वजा केलं, तर सरासरी 300 ग्रॅम कमी. दहा पोत्यांचे 3 किलो झाले. दुकानात बांधलेले एक किलोचे पुडे काढून मोजले तर प्रत्येकात 10 ग्रॅम जास्त, कारण पुडे भरणाऱ्याचा हात सढळ. महिन्यात तीनशे पुडे गेले, आणखी 3 किलो. उधारीच्या वहीत 5 किलो लिहिलेली, पण कॉम्प्युटरवर बिलच नाही. घरच्या आणि दुकानातल्या चहाला 4 किलो गेली, ती कुठेच लिहिली नाही. पंधरा किलोचा हिशेब लागला. उरलेल्या दोन किलोला सांडलवंड, मुंग्या आणि बारदानाला चिकटलेली साखर पुरेशी आहे.

पोराने साखरेला हातही लावलेला नाही. उपायही तिथल्या तिथेच आहेत. पोतं उतरवून घेतानाच वजन करा आणि कमी भरलं तर व्यापाऱ्याच्या बिलावर तिथेच लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी कोणी ऐकत नाही. उधारीचंही आधी बिल करा, मग वही. घरी नेलेल्या मालाचं शून्य नफ्याचं बिल घरच्या नावावर फाडा. घरच्यांना हे आवडत नाही, तरी फाडा. रोज सकाळी काट्यावर शिक्क्याचं एक किलोचं वजन ठेवून बघायचं. इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी पडताळणी वर्षातून एकदा होते, तेवढ्यावर वर्षभर विसंबून चालत नाही.

बिलातली चूक ओळखायची कशी

बिलाच्या चुकीत बहुतेक वेळा एक जिन्नस कमी आणि तिचं भावंड जास्त असतं. अर्धा किलोच्या पुड्याऐवजी एक किलोचा कोड दाबला की एक किलोचा पुडा जास्त आणि अर्ध्याचा कमी दिसतो. अशी जोडी सापडली की चोरी डोक्यातून काढा. साठा उणे दाखवत असेल तर तीही नोंदीचीच चूक, कारण नसलेला माल कोणी विकू शकत नाही. तिथे बहुधा बॉक्सची खरेदी एक नग म्हणून चढलेली असते आणि विक्री पुड्यापुड्याने होत असते.

बारावर एक फुकट अशी स्कीम असेल तर फुकटचा नगसुद्धा शून्य भावाने खरेदीत चढवा. तो चढवला नाही तर साठा जास्त दिसायला हवा. तो बरोबर जुळत असेल, तर कोणीतरी प्रत्येक बॉक्समागे एक नग काढतंय आणि तुमचं खातं खुशाल गुळगुळीत दिसतंय.

नासाडी फेकली, पण लिहिली नाही

उंदराने फाडलेला पुडा, टोके लागलेली डाळ, तारीख उलटलेली बिस्किटं. फेकण्याआधी एका वहीत जिन्नस, वजन, तारीख आणि कारण. एवढंच. डाळ चाळली तर चाळण्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहा.

खान्देशात यापुढचा प्रश्न सुकण्याचा. नंदुरबारकडून आलेली लाल मिरची पूर्ण वाळलेली नसेल, तर जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पोत्यातच हलकी होत जाते. शेंगदाण्याचंही तेच, फक्त कमी प्रमाणात. गूळ उलट, पावसाळ्यात ओल धरून पाझरतो आणि खालचं फडकं भिजवतो. ही घट अंदाजाने लिहायची नाही. त्याच लॉटमधली पाच किलो मिरची एका बारदानी पिशवीत बांधून, पोत्यांजवळच ठेवा आणि विकू नका. दर आठवड्याला तिचं वजन करा. महिन्याने ती 4 किलो 850 भरली तर घट तीन टक्के. उरलेल्या पोत्यांनाही साधारण तेवढीच सूट द्या. पोत्यांत आठ टक्के कमी असेल तर वरचे पाच टक्के सुकलेले नाहीत, दुसरीकडे गेलेत. पिशवी प्लॅस्टिकची घेऊ नका. ओल अडकते आणि तुलनाच खोटी पडते.

साठा "जुळवून" टाकणं

मोजलेला आकडा टाकायचा, बटण दाबायचं, फरक गायब. नव्या दुकानदारांचा हा आवडता शॉर्टकट. त्याने तूट जात नाही, पुरावा जातो. फरकाची यादी आधी छापून कारण लिहा, मगच साठा बदला.

चोरीचा संशय उरला तर

चोरी साखरेच्या पोत्यात क्वचित होते. ती खिशात मावणाऱ्या महाग नगांत होते: चहाचे पुडे, ब्लेड, केसांचं तेल, तूप. तूट पूर्ण नगांत येते, एकाच बाजूची असते आणि तिचं भावंड कुठे जास्त सापडत नाही. असे दहा जिन्नस निवडा आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. सकाळी चहाचे 24 पुडे, रात्री 19, बिलावर 3 गेले, तर 2 गायब. गायब व्हायचा दिवस नेहमी आठवडे बाजाराचाच असेल तर गर्दीकडे बघा आणि ते पुडे गल्ल्यामागे हलवा. तूट एखाद्याच्या पाळीबरोबर येत-जात असेल, तर त्या वेळेची रद्द केलेली बिलं काढा.

गल्ला बरोबर आहे म्हणून चोरी नाही, असं समजू नका. बिल न करता माल दिला आणि पैसे खिशात घातले, तर गल्ला जुळतो, माल कमी पडतो. दुसऱ्याच्या खात्याचा क्यूआर काउंटरवर चिकटलेला असला तर बिल झालेलं असतं, त्यामुळे साठा आणि रोख गल्ला दोन्ही जुळतात, पण बँकेत जमा कमी येते. साठा बरोबर आणि गल्ला कमी असेल, तर सुट्टे पैसे देताना झालेली चूक किंवा गल्ल्यातली चोरी. कॅमेरा लावायचा असेल तर ही वेळ आणि ही जागा कळल्यावर लावा. आधी लावला तर रोजच्या बारा तासांचं रेकॉर्डिंग बघत कोण बसणार?